नोव्हेंबरचा अ‍ॅट्रिशन रिपोर्ट आणि न जुळणारी दोन माणसं

चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत मी एचआरमध्ये आहे, आणि २०२४च्या दिवाळीआधी आमच्याकडे एमआयएस बघणारा मुलगा सोडून गेला तेव्हा महिन्याचा अ‍ॅट्रिशन रिपोर्ट माझ्याकडे आला. म्हणजे कुठल्या डिपार्टमेंटमध्ये महिन्याच्या सुरुवातीला किती माणसं होती, किती आली, किती गेली, शेवटी किती राहिली आणि हाच वेग वर्षभर राहिला तर शंभरातली किती जातील, ते सगळं एका पानावर. पहिला महिना मला मिळाला तो नेमका नोव्हेंबर. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, बोनस ऑक्टोबरमध्येच वाटून झालेला, आणि दिवाळीला गावी गेलेल्यांपैकी किती परत येतात याच्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले.

आधी एवढं सांगते की आमच्या रिपोर्टमध्ये फक्त कंपनीच्या पगारपत्रकावरची माणसं धरतात. कॉन्ट्रॅक्टरची माणसं नाहीत, आणि अ‍ॅप्रेंटिस पण नाहीत, कारण अ‍ॅप्रेंटिसची मुदत संपली की तो जाणारच असतो, त्याला सोडून गेला म्हणता येत नाही.

३१ ऑक्टोबरला एकूण ३३४ माणसं होती. मी सिस्टीममधून तीन याद्या काढल्या, नोव्हेंबरमध्ये जॉइन झालेले १७, सोडलेले २२, आणि महिनाअखेरीस अ‍ॅक्टिव्ह असलेले ३३१. जुन्या फाइलमध्ये फॉर्म्युले बसवलेलेच होते, आकडे टाकले, टक्के आले, लाल पिवळे रंग आपोआप भरले गेले आणि मी ३ डिसेंबरला मेल करून टाकला. एकदाही ३३४ मध्ये १७ मिळवून २२ वजा करून बघितले नाहीत. ते येतात ३२९, आणि खाली लिहिलेले ३३१. दोन माणसांचा फरक सगळ्यांच्या समोर होता आणि मला दिसला नाही.

तासाभरात स्टोअर्सच्या सरांचा फोन. "मॅडम, माझ्याकडचा एक माणूस गेला असं दाखवलंय तुम्ही. कोण गेला?" मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "अहो तो माझ्या समोर बसलाय, आलेल्या मालाचं जीआरएन करतोय. सात तारखेपर्यंत आहे तो." मी रेकॉर्ड उघडलं तर त्याने राजीनामा दिलेला ८ नोव्हेंबरला, शेवटचा दिवस ७ डिसेंबर. मी यादी काढताना फिल्टर लावला होता राजीनाम्याच्या तारखेवर. सिस्टीममध्ये बाहेर पडण्याच्या तीन तारखा असतात, राजीनामा दिल्याची, शेवटच्या कामाच्या दिवसाची आणि फुल अँड फायनल म्हणजे शेवटचा हिशोब चुकता झाल्याची, आणि तिन्ही कॉलमची नावं इतकी सारखी की घाईत कुठलाही उचलला जातो. हेडकाउंटच्या हिशोबाला चालते फक्त शेवटच्या कामाच्या दिवसाची तारीख. राजीनाम्याची घेतली तर नोटीस पिरियडमधला माणूस कामावर असूनही गेलेला दिसतो, आणि फुल अँड फायनलची घेतली तर गेलेला माणूस महिना दीड महिना उशिराने मोजला जातो.

मी लगेच सगळ्यांना मेल केला की आधीचा रिपोर्ट बाजूला ठेवा, उद्या नवीन देते. मग संध्याकाळी बसले आणि एक डिपार्टमेंट एक ओळ असं करून प्रत्येक ओळीची बेरीज वजाबाकी हाताने तपासली. एकूण फरक दोनचा आहे एवढ्यावर शोधत बसलं असतं तर ३३१ नावं चाळावी लागली असती, पण ओळीने बघितल्यावर लगेच कळलं की फरक दोनच ठिकाणी आहे, स्टोअर्समध्ये एक आणि टूल रूममध्ये एक. स्टोअर्सचं कारण मिळालेलंच होतं.

टूल रूममध्ये सुरुवातीला ६ माणसं, आलं कोणी नाही, गेलेला १, आणि अखेरीस परत ६. गेलेले म्हणजे आमचे टूल रूमचे काका, ३० नोव्हेंबरला ५८ पूर्ण करून रिटायर झाले, शनिवार होता, कँटीनमध्ये नारळ शाल देऊन निरोप झाला, मी स्वतः तिथे होते. मग ते अखेरच्या यादीत कसे? कारण फॉर्म्युल्यात होतं. अखेरचा हेडकाउंट असा काढलेला होता:

```
=COUNTIFS(Dept,A5,DOJ,"<="&E1,LWD,"")
 +COUNTIFS(Dept,A5,DOJ,"<="&E1,LWD,">="&E1)
```

E1 मध्ये महिन्याची शेवटची तारीख, DOJ म्हणजे जॉइनिंगची तारीख आणि LWD म्हणजे शेवटच्या कामाच्या दिवसाची. पहिला तुकडा ज्यांची शेवटची तारीखच भरलेली नाही ते मोजतो, दुसरा ज्यांची तारीख पुढची आहे ते. पण ">=" असल्यामुळे नेमके त्याच दिवशी गेलेले पण राहिलेल्यात धरले जातात, आणि गेलेल्यांच्या यादीत तर ते असतातच, म्हणजे एकच माणूस दोन्हीकडे. तिथे फक्त ">" हवं. रिटायरमेंट आमच्याकडे कायम महिन्याच्या शेवटच्या दिवशी असते, त्यामुळे ही चूक ज्या महिन्यात कोणी रिटायर होतं त्याच महिन्यात उगवते आणि बाकी महिने फॉर्म्युला अगदी बरोबर वाटतो. मी ते बदललं, फिल्टर बदलला, सोडलेले २१ झाले, अखेर ३३०, आणि ३३४ अधिक १७ वजा २१ बरोबर ३३०. जुळलं.

इथेच मी थांबणार होते. खरं तर सगळे इथेच थांबतात. पण सकाळचा स्टोअर्सचा फोन डोक्यातून जात नव्हता, जो माणूस समोर बसलाय त्याला मी गेला म्हटलं होतं, मग उलटं पण असू शकतं की, जो नाहीये त्याला मी आहे म्हणत असेन. म्हणून बायोमेट्रिकमधून प्रत्येकाचा शेवटचा पंच कधीचा ते काढलं आणि अ‍ॅक्टिव्ह यादीच्या शेजारी लावून तारखेने सॉर्ट केलं.

वरच दोन नावं आली. एक मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन, त्याला एकही पंच नाही. १८ नोव्हेंबरला जॉइन होणार होता, एम्प्लॉयी कोड आदल्या दिवशी तयार करून ठेवला होता, तो आलाच नाही आणि कोड बंद करायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. दुसरा प्रॉडक्शनमधला ऑपरेटर, दिवाळीनंतर ५ तारखेला एक दिवस आला आणि त्यानंतर नाही. फोन बंद, घरच्या पत्त्यावर दोन पत्रं पाठवलेली, दोन्ही न पोचता परत आलेली. राजीनामा नाही म्हणून तो सोडलेल्यांच्या यादीत नाही, कोड चालू म्हणून तो अखेरच्या यादीत आहे.

या दोघांमुळे बेरजेत काहीच फरक पडत नव्हता हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं. जो कधी आलाच नाही तो आलेल्यांत पण आहे आणि राहिलेल्यांत पण आहे, म्हणजे दोन्ही बाजूला एक जास्त. जो गायब झाला तो गेलेल्यांत नाही आणि राहिलेल्यांत आहे, हिशोब तिथेही जुळतो. ताळा जुळला म्हणजे याद्या एकमेकींशी जुळल्या, माणसांशी जुळल्या असं नाही, त्यासाठी हजेरीच बघावी लागते.

गायब माणसाचं काय करायचं यावर आमच्या एचआर मॅडमशी बोलले. नोकरीतून नाव कमी करायची प्रक्रिया वेगळी आहे, नोटिसा, चौकशी, ते आपल्या गतीने चालतं आणि रिपोर्टसाठी त्यात घाई करता येत नाही. पण रिपोर्टपुरतं आम्ही ठरवलं की दोन पत्रं जाऊन उत्तर आलं नाही तर शेवटच्या पंचाची तारीख धरायची आणि त्याच्यापुढे शेरा मारायचा. महिना बंद झाल्यावर असं कोणी सापडलं तर तो पुढच्या महिन्यात शेऱ्यासकट दाखवायचा, मागचा महिना गुपचूप बदलायचा नाही, नाहीतर डिसेंबरची सुरुवात आणि नोव्हेंबरची अखेर जुळत नाही आणि मग लोक कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवत नाहीत.

आणखी एक गोष्ट राहिली होती आणि ती मला क्वालिटीच्या ओळीवरून खटकली. क्वालिटीत ५ जण नवीन आलेले दिसत होते आणि मला इंडक्शन घेतल्याचं आठवत होतं फक्त दोघांचं. बाकीचे तीन आमचेच प्रॉडक्शनचे ऑपरेटर, इन्स्पेक्टर म्हणून क्वालिटीत गेलेले. ग्रेड बदलली की आमच्याकडे कोडची सिरीज बदलते, जुना कोड बंद होतो, नवीन उघडतो, आणि सिस्टीमच्या दृष्टीने प्रॉडक्शनमधून तीन माणसं कंपनी सोडून गेली आणि क्वालिटीत तीन बाहेरून आली. एकूण हेडकाउंटला काहीच धक्का नाही, पण अ‍ॅट्रिशन फुकट तीनने वाढलेलं, आणि तेही अशा माणसांसाठी ज्यांना आपण बढती दिली. यातला एक तर सहा वर्षं कंपनीत आहे.

हे पकडायला सोपा मार्ग सापडला. कोड बदलतो पण पीएफचा यूएएन नंबर माणसाबरोबर तोच राहतो. आलेल्यांच्या यादीतला यूएएन गेलेल्यांच्या यादीत शोधायचा:

```
=IF(COUNTIF(LeaverUAN,C2)>0,"Transfer","New")
```

तीन ठिकाणी Transfer आलं, बरोबर तेच तीन. मग रिपोर्टमध्ये आत बदली आणि बाहेर बदली असे दोन वेगळे कॉलम केले, जे डिपार्टमेंटच्या हेडकाउंटमध्ये धरायचे पण अ‍ॅट्रिशनमध्ये नाही. बदल्यांच्या दोन कॉलमची बेरीज कायम सारखी आली पाहिजे, नाही आली तर कुठेतरी अर्धी नोंद झालीये.

रात्री साडेनऊला शेवटचा तक्ता असा झाला, आलेले १३ आणि गेलेले १९:

| डिपार्टमेंट | सुरुवात | आले | बदली | गेले | अखेर |
|---|---|---|---|---|---|
| प्रॉडक्शन | २१२ | ९ | −३ | १४ | २०४ |
| क्वालिटी | ३८ | २ | +३ | २ | ४१ |
| मेंटेनन्स | २६ | ० | ० | १ | २५ |
| स्टोअर्स | २२ | १ | ० | ० | २३ |
| टूल रूम | ६ | ० | ० | १ | ५ |
| ऑफिस | ३० | १ | ० | १ | ३० |
| एकूण | ३३४ | १३ | ० | १९ | ३२८ |

(इथे जागेसाठी बदलीचा एकच कॉलम केलाय.)

आता टक्के. गेलेले भागिले सरासरी हेडकाउंट, सरासरी म्हणजे सुरुवात आणि अखेर यांचा मध्य, आणि वर्षाचा दर हवा म्हणून गुणिले १२. एकूण कंपनीचं, १९ भागिले ३३१, म्हणजे महिन्याचे ५.७ टक्के, वर्षाचे ६९. टूल रूमचं, १ भागिले साडेपाच, महिन्याचे १८ टक्के आणि वर्षाचे २१८. पहिल्या चुकीच्या रिपोर्टमध्ये ते २०० होतं, दुरुस्त केल्यावर आणखी वाढलं.

आणि त्या २०० चा त्रास आधीच होऊन गेला होता. पहिला मेल गेल्यावर प्लँट हेड सरांनी सगळ्यात लाल असलेली ओळ बघून टूल रूमच्या सरांना बोलावून विचारलं की तुमच्याकडे काय चाललंय, लोक का टिकत नाहीत. ते मला दुपारी भेटले, चेहरा उतरलेला, म्हणाले, "एकतीस वर्षं नोकरी करून माणूस सन्मानाने गेला, आणि माझ्यावर ठपका की माणसं टिकत नाहीत?" मला खूप वाईट वाटलं. माझ्या एका सेलच्या रंगामुळे हे झालं होतं. त्या खोलीत सहाच माणसं, वर्षात एक रिटायर झाला, यात विचारण्यासारखं काहीच नव्हतं. एका महिन्याला बारानी गुणणं म्हणजे असं म्हणणं की हा महिना असाच बारा वेळा येणार, आणि सहा माणसांच्या खोलीतून दर महिन्याला एक जायला बारा महिने माणसं पुरणारच नाहीत.

म्हणून मी वर्षाचा दर एप्रिलपासून आत्तापर्यंतच्या सगळ्या महिन्यांवर काढायला लागले:

```
=YTD_Leavers / Avg_Headcount / Months * 12
```

Avg_Headcount म्हणजे प्रत्येक महिन्याच्या सरासरीची सरासरी, आणि Months नोव्हेंबरला ८. कंपनीत एप्रिल ते नोव्हेंबर ६७ जण गेले, सरासरी हेडकाउंट ३२६, वर्षाचा दर येतो ३१ टक्के. कुठे ६९ आणि कुठे ३१. टूल रूमचा येतो २५. नोव्हेंबर आमच्याकडे कायमच जड जातो, आधीच्या सात महिन्यांत मिळून ४८ गेले होते, म्हणजे महिन्याला सात, आणि या एका महिन्यात १९. ही उसळी दिसली पाहिजेच, पण ती माणसांच्या संख्येत दिसू दे, बारानी गुणून नको. आणि वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या डिपार्टमेंटला मी टक्केच देत नाही, नुसतं "६ पैकी १, रिटायर" असं लिहिते. वीसच का, तर आमच्याकडे त्याच्या खाली एक माणूस हलला की टक्का फार उड्या मारायला लागतो म्हणून, दुसऱ्या कंपनीत वेगळी रेघ असू शकते. एप्रिल मे मध्ये मात्र हा दर पण भरवशाचा नसतो, एकदोन महिन्यांवरून वर्ष सांगणं तेव्हाही तेच होतं, त्यामुळे जूनपर्यंत मी मागच्या बारा महिन्यांचा आकडा शेजारी ठेवते. रिटायरमेंट हेडकाउंटमधून वजा होते, पण स्वतःहून गेलेल्यांचा दर वेगळा काढते आणि त्यात ती धरत नाही.

टूल रूमचा लाल रंग गेल्यावर खरी ओळ दिसली, प्रॉडक्शनची, १४. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांचं मत एकच, बोनस घेतला आणि गेले, दरवर्षीचं आहे. मी पण मान डोलावली असती, पण आदल्या रात्री बदल्या शोधताना जॉइनिंगच्या तारखा नजरेखालून गेल्या होत्या. १४ पैकी ९ जण सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये लागलेले. आणि दिवाळीला वाटला तो बोनस मार्च २०२४ला संपलेल्या वर्षाचा, त्या वर्षी ही माणसं कंपनीत नव्हतीच, त्यांना मिठाईचा बॉक्स सोडून काही मिळालेलं नव्हतं. जे घेतलंच नाही ते घेऊन कसे जातील? मी हे मीटिंगमध्ये बोलले, हात थरथरत होते, पण बोलले. बोनसचं कारण फार तर बाकीच्या पाच जणांना लागू होतं.

एक्झिट फॉर्मवर सगळ्यांचं एकच, वैयक्तिक कारण. मी नऊ जणांना फोन लावले, पाच जणांनी उचलले. पाचातले चार राजगुरुनगरच्या पलीकडच्या गावांतले आणि चौघेही थर्ड शिफ्टबद्दल बोलले, की सकाळी सुटल्यावर कंपनीची बस राजगुरुनगरला सोडते आणि पुढे गावात जायला काही मिळत नाही, घरी पोचेपर्यंत साडेदहा अकरा, झोपायचं कधी. एक जण म्हणाला, "मॅडम, लागताना सांगितलं बस आहे, पण कुठपर्यंत आहे ते नाही सांगितलं." बाकी चार जणांचं काय कारण ते मला आजही माहीत नाही, आणि पाच फोनवरून नऊ जणांचं ठरवू नये हेही मी रिपोर्टखाली लिहिलं.

त्या महिन्यापासून रिपोर्टला एक कॉलम वाढला, गेलेल्यांपैकी ९० दिवसांच्या आत किती गेले. तो टक्क्यांत नाही, नुसता आकडा. प्रॉडक्शनसमोर ९, बाकी सगळीकडे शून्य किंवा एक. प्लँट हेड सरांनी त्या कॉलमवर बोट ठेवून ट्रान्सपोर्टच्या माणसाला बोलावलं. बसचा मार्ग वाढवायला खर्चाची मंजुरी लागणार होती, ती लगेच नाही झाली, पण भरतीच्या वेळी बस कुठे सोडते ते गावाच्या नावासकट सांगायचं हे त्याच आठवड्यात सुरू झालं. टूल रूमच्या सरांना मी स्वतः जाऊन नवीन तक्ता दाखवला, त्यांच्या ओळीत काकांच्या नावापुढे फक्त "सेवानिवृत्त, ३० नोव्हेंबर" एवढंच होतं. त्यांनी त्याची प्रिंट मागून घेतली.

७ डिसेंबरला संध्याकाळी स्टोअर्सचा तो मुलगा पेढे घेऊन आला, सगळ्या डिपार्टमेंटच्या सह्या झालेला नो ड्यूज फॉर्म हातात. मी त्याचं रेकॉर्ड उघडून शेवटच्या दिवसाची तारीख त्याला दाखवली, त्याने बघून हो म्हटलं. डिसेंबरची शीट ३२८ ला उघडलेली होती, त्याची नोंद त्या महिन्यातली पहिली.